शिरा तोच, आधी नैवेद्य मग प्रसाद

खंडेनवमी जवळ आली की भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यातल्या शॉपमध्ये नव्याने लागलेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे एक काम हमखास येतं. सुपरवायझर जाता जाता सांगतात, "प्रसादाचं तू बघ." काम सोपं वाटतं. कँटीनला शिरा सांगायचा, द्रोण आणायचे, वाटून टाकायचा. पूजेच्या दिवशी मात्र गुरुजी विचारतात, "नैवेद्य काढून ठेवलाय ना?" तोवर कढईतला शिरा चाखून झालेला असतो, ऑफिसात दोन प्लेटी गेलेल्या असतात आणि आता देवापुढे काय ठेवायचं असा प्रश्न उभा राहतो. ही वेळ येऊ नये म्हणून नैवेद्य आणि प्रसाद यांतला फरक आधीच समजून घ्यायला हवा. तो समजला की बाकीची कामं आपोआप ओळीने लागतात.

नैवेद्य म्हणजे आपण देवाला अर्पण करतो ते अन्न. प्रसाद म्हणजे देवाने ते स्वीकारलं असं मानून आपण परत घेतो ते. पदार्थ एकच असतो. सकाळी नऊ वाजता जो शिरा नैवेद्य असतो, तोच सव्वानऊला प्रसाद होतो. त्या मधल्या पंधरा मिनिटांत पदार्थ बदलत नाही, आपली बाजू बदलते. आधी आपण देणारे असतो, नंतर घेणारे. म्हणून नैवेद्याचे सगळे नियम अन्नाविषयी आहेत: ते कसं शिजवायचं, कुठे ठेवायचं, कोणी आधी खायचं नाही. प्रसादाचे नियम माणसांविषयी आहेत: कोणाला द्यायचा, कसा घ्यायचा, टाकायचा नाही. गोंधळ होतो तो एकाचे नियम दुसऱ्याला लावल्यामुळे. नैवेद्याच्या वेळी आपण सैल राहतो आणि प्रसादाच्या वेळी नको तितके कडक होतो.

एक नमुना घेऊ या. समजा भोसरी एमआयडीसीत एक मशीन शॉप आहे, तीन शिफ्ट मिळून एकशे चाळीस माणसं. खंडेनवमीला यंत्रांची पूजा आणि त्याला जोडून सत्यनारायण. पहिली शिफ्ट सातला सुरू होते, पूजा साडेसातला मांडायची, कथा संपून नैवेद्य साधारण नऊला. जबाबदारी तुमच्यावर आहे.

सत्यनारायणाच्या शिऱ्याचं माप सव्वाचं असतं. कथेतच सामग्री सांगितली आहे: केळी, तूप, दूध, गव्हाचं पीठ, साखर किंवा गूळ, आणि सगळं सव्वा मापाने. गव्हाचं पीठ न मिळालं तर तांदळाचं चालेल, अशी सोयही तिथेच आहे. आपल्याकडे पिठाची जागा रव्याने घेतली. रवा, तूप आणि साखर प्रत्येकी सव्वा किलो, दूध साडेतीन ते चार लिटर आणि पाच-सहा पिकलेली केळी एवढ्यात साडेसात किलोच्या आसपास शिरा होतो. माणशी पन्नास ग्रॅम, म्हणजे बेताचा एक चमचा द्रोणात धरला, तर दीडशे जणांना पुरतो. तीनशे माणसं असतील तर एकाच कढईत अडीच किलो घालण्यापेक्षा सव्वा-सव्वाचे दोन घाणे करा. माप राखलं जातं आणि ढवळायलाही हाताशी राहतं.

कँटीनच्या माणसाला तीन गोष्टी आदल्या दिवशीच सांगा. पहिली, रोजच्या भाजीची कढई नको. कितीही घासली तरी कांदा-लसणाचा वास तिच्यात राहतो आणि तुपावर भाजला जाणारा रवा तो लगेच ओढून घेतो. दुसरी, साखर शेवटी. रवा तुपात खमंग भाजून झाला की केळ्याच्या चकत्या टाकून दोन-चार मिनिटं परतायच्या, मग कडकडीत गरम दूध घालायचं, झाकून वाफ आणायची, रवा फुलला की मग साखर. साखर आधी पडली तर रवा नीट फुलत नाही, दाताखाली कचकचतो. दूध गार असेल तर गुठळ्या होतात आणि दीडशे माणसांच्या कढईत गुठळ्या मोडत बसायला वेळ नसतो.

तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड: चव बघायची नाही. आचाऱ्याचा हात सवयीने तोंडाकडे जातो. त्याला रागावून उपयोग नाही, त्याला दुसरा मार्ग द्यायला हवा. म्हणून माप वाटीने नको, काट्यावर करा. साखर तोलून घेतली की गोडी तपासायची गरज उरत नाही. रवा भाजला गेला की नाही हे डोळ्याला कळतं: रंग बदामी होतो, कालथा हलका फिरायला लागतो, कडेला तूप सुटतं. शिरा झाला की नाही हे वाफ जिरल्यावर कालथ्याने ओढून बघता येतं, तो कढईची कड सोडून गोळा होऊन येतो. यातल्या एकाही गोष्टीसाठी जीभ लागत नाही. सव्वा-सव्वाचं सारखं माप पडलं त्यामागे ही सोयही असावी असं मला वाटतं. सगळ्या वस्तू एकाच मापाच्या, म्हणजे न चाखताही चुकायला जागा कमी.

चाखण्याला एवढा विरोध का, असं तुम्ही विचाराल. घरी पाहुणे जेवायला बसायचे असतील तर आपण त्यांच्या पानातून घास काढून खात नाही आणि उरलेलं त्यांना वाढत नाही. देवाला वाढायचं तर एवढा मान त्याचाही राखायचा. इतकाच हा नियम आहे. त्यात अन्न विटाळतं, देव कोपतो वगैरे घालायची गरज नाही. चुकून कोणी चाखलंच, तर पातेलं टाकून देऊ नका. साडेसात किलो अन्न वाया घालवणं हा त्याहून मोठा दोष. देवापुढे गूळ-खोबऱ्याचा किंवा दूध-साखरेचा नैवेद्य दाखवा, शिरा सगळ्यांना खायला द्या आणि पुढच्या वर्षी आधी सांगा.

शिरा चुलीवरून उतरला की पहिलं काम नैवेद्य काढून ठेवण्याचं. स्वच्छ वाटीत किंवा केळीच्या पानाच्या तुकड्यावर मूद काढा, वर तुळशीचं पान ठेवा आणि झाका. सत्यनारायण हे विष्णूचं रूप, म्हणून तुळस. गणपतीचा नैवेद्य असेल तर तुळस नाही, दूर्वा. शंकराला बेल. सोबत पंचामृताची वाटी लागते. पंचामृतात दही असतं, त्यामुळे ते तांब्या-पितळेच्या भांड्यात करून ठेवू नका, कळकतं. चांदीची वाटी नसली तर सरळ स्टीलची घ्या. नैवेद्याच्या पूर्ण पानात, म्हणजे वरण-भात, पुरणपोळीच्या ताटात, बऱ्याच घरांत मीठ वेगळं वाढत नाहीत. शिऱ्याला तो प्रश्नच नाही.

आता ठेवायचं कुठे? पूजा चौरंगावर आहे, तिथे चौरंगासमोर पाट मांडून त्यावर ठेवायचं हे सरळ आहे. घोटाळा होतो मशीनपाशी. हौसेने लोक लेथच्या बेडवर किंवा व्हीएमसीच्या टेबलावर पेढे, केळी, फोडलेला नारळ मांडतात. मशीन आदल्या दिवशी पुसलेलं असतं, झेंडूची माळ घातलेली असते, स्वच्छ दिसतं. पण बेडच्या खाचांत कूलंटचा ओलावा असतो, त्यात तेल असतं, जंतू वाढू नयेत म्हणून घातलेलं औषध असतं आणि डोळ्याला न दिसणारी लोखंडाची बारीक बर असते. ओल्या खोबऱ्याच्या वाटीला ती लगेच चिकटते. हळद-कुंकू, अक्षता, फूल मशीनला. अन्न मशीनवर नाही. मशीनसमोर छोटा पाट किंवा स्टूल ठेवा, त्यावर ताटली ठेवा. पूजा मशीनचीच होते, आणि नंतर जे लोकांच्या तोंडात जाणार आहे ते स्वच्छ राहतं. नैवेद्य ठेवताना मेन स्विच बंद आहे का, तेही बघा. पाण्याचा तांब्या आणि कंट्रोल पॅनल यांत अंतर हवं.

नैवेद्य दाखवण्याची कृती लहान आहे. पाटावर उजव्या हाताच्या बोटाने पाण्याचा चौकोन काढायचा, त्यावर पान ठेवायचं. तुळशीच्या पानाने अन्नावर पाणी शिंपडायचं आणि पानाभोवती एकदा पाणी फिरवायचं. मग प्राण, अपान, व्यान, उदान, समान या पाच प्राणांची नावं घेत, शेवटी ब्रह्माचं नाव घेत, उजव्या हाताने पानाकडून देवाकडे घास भरवल्याची खूण करायची. मधे पिण्यासाठी पाणी, मग पुन्हा तेच. शेवटी हात धुवायला पाणी, तोंड धुवायला पाणी, हाताला चंदन, विडा-सुपारी, दक्षिणा. बघा, हा क्रम जेवणाऱ्या माणसाच्या सोयीचा आहे: आधी जागा पुसणं, मग वाढणं, मधे पाणी, शेवटी हात धुणं आणि विडा. षोडशोपचार पूजेतल्या सोळा उपचारांत नैवेद्य आहे, आणि गंध, फूल, धूप, दीप अशा पाचच उपचारांची आटोपशीर पूजा केली तरी पाचवा नैवेद्य राहतोच. प्रसाद मात्र या यादीत कुठेही नाही. तो देवाला करायचा उपचार नाही, पूजेतून आपल्याला मिळतं ते.

मंत्र येत नसतील तर? गुरुजी उशिरा आले, किंवा आलेच नाहीत, असं दसऱ्याच्या गर्दीत होतंच. खंडेनवमी आणि दसरा, दोन्ही दिवस त्यांच्या डोक्यावर दहा-दहा ठिकाणं असतात. अशा वेळी चौकोन काढा, पाणी फिरवा, हात जोडून आपल्या शब्दांत सांगा की हे केलं आहे, स्वीकार करावा. डोळे मिटून क्षणभर थांबा. नैवेद्य झाला. ही सूट म्हणून सांगत नाही. घराघरांत रोजचा नैवेद्य बहुतेक असाच दाखवला जातो.

त्यानंतर आरती, मंत्रपुष्प, आणि मग येतो तो टप्पा, जो अर्ध्या लोकांना ठाऊक नसतो. देवापुढे ठेवली ती एक वाटी. कढईत उरला सात किलो शिरा. वाटीतला प्रसाद झाला, कढईतल्याचं काय? तर वाटीतला शिरा उचलून कढईत मिसळायचा. तुळशीचं पान बाजूला काढायचं आणि कालथ्याने तो सगळीकडे फिरवायचा. त्या घासामुळे सगळी कढई प्रसाद होते. महाप्रसादाचंही तेच. पाचशे माणसांचा भात-आमटी देवापुढे कोणी नेत नाही. एक पान वाढून नैवेद्य दाखवतात, त्यातलं थोडं थोडं प्रत्येक पातेल्यात परत जातं. म्हणून नैवेद्याची वाटी कधी साहेबांच्या केबिनमध्ये पाठवू नका. "देवापुढचा खास" म्हणून ती एका माणसाला दिली की बाकीच्यांना मिळतो तो नुसता शिरा.

पण त्या दिवशी शॉपमध्ये आणखी बऱ्याच वस्तू फिरत असतात, आणि सगळ्याच प्रसाद नसतात. गेटवर कोहळा कापतात, त्यात कुंकू भरतात. तो दृष्ट काढण्यासाठी असतो, बळी म्हणून असतो. तो खात नाहीत. नव्या गाडीच्या किंवा फोर्कलिफ्टच्या चाकाखाली चिरडलेली लिंबंही तशीच. हे दोन्ही झाडून कचऱ्यात टाकायचं. मशीनपुढे फोडलेला नारळ वेगळा: त्याचं खोबरं नैवेद्य म्हणून दाखवलं असेल तर त्याचे तुकडे प्रसादात जातात. कलशावरचा नारळ पूजा उतरेपर्यंत हलवायचा नाही. उत्तरपूजेनंतर तो यजमानाकडे जातो. आणि कंपनी दसऱ्याला जो मिठाईचा बॉक्स देते तो प्रसाद नाही, भेट आहे. घरी नेऊन देवापुढे ठेवला तर होईल.

उलट, प्रसाद असायला खाण्याची वस्तू असावीच लागते असंही नाही. अंगारा, देवावरचं फूल, कुंकू, भंडारा, तीर्थ हा सगळा प्रसादच. आकुर्डीला खंडोबाच्या माळावर गेलात तर कपाळाला लागतो तो भंडारा कोणी नैवेद्य म्हणून वाढलेला नव्हता, तरी तो प्रसाद आहे. म्हणजे नैवेद्य हा प्रसाद होण्याचा एक मार्ग आहे, एकमेव नाही.

वाटपाकडे येऊ. तीर्थ-प्रसाद हा जोडशब्द आपण म्हणतो त्याच क्रमाने द्यायचा: आधी तीर्थ, उजव्या हाताच्या तळव्यावर, मग प्रसाद. ऑइलने माखलेल्या हाताने कोणी पुढे आलं तर त्याला परत पाठवू नका, द्रोण द्या. वाटणाऱ्याने मात्र हात धुतलेले हवेत आणि वाढायला चमचा हवा. ओळ जशी लागेल तशी; पर्मनंट आधी, कॉन्ट्रॅक्टवाले नंतर, असं करायचं नाही. हाउसकीपिंगच्या मावशी आणि गेटवरचा सिक्युरिटीवाला हमखास राहून जातात, कारण ते ओळीत येत नाहीत. त्यांच्या जागी नेऊन द्या. घेणाऱ्याची जात, हुद्दा, पाळी, सकाळी काय खाल्लं, हे विचारण्याचा अधिकार कोणालाच नाही. सोवळं-ओवळं ज्यांना पाळायचं आहे त्यांनी नैवेद्य करताना पाळावं. प्रसादाच्या ओळीत ते आणू नये.

हे माझं मत नुसतं माझ्याच पदरचं नाही. जी कथा त्या दिवशी ऐकता तिचे शेवटचे दोन अध्याय प्रसादावरच आहेत, आणि बहुतेक जण तेव्हा फोन बघत असतात म्हणून सांगतो. कथेचे एकूण पाच अध्याय. चौथ्यात साधुवाण्याची मुलगी कलावती पूजा करते आहे. नवरा आणि वडील परदेशातून नावेने परतल्याची बातमी येते. ती पूजा पुरी करते, पण प्रसाद न घेताच नदीकडे धावते, आणि तिच्या डोळ्यांदेखत नवऱ्यासह नाव दिसेनाशी होते. घरी जाऊन प्रसाद घेऊन आल्यावर नवरा परत मिळतो. पाचव्यात तुंगध्वज नावाचा राजा शिकारीहून येताना वडाखाली गवळ्यांना सत्यनारायण करताना पाहतो. तो थांबत नाही, नमस्कार करत नाही. गवळी त्याच्यापुढे प्रसाद ठेवतात, तो सोडून निघून जातो. पुढे त्याचे मुलगे आणि वैभव सगळं जातं, आणि तो परत गवळ्यांपाशी येऊन त्यांच्यासोबत पूजा करतो, प्रसाद घेतो.

या दोघांना एकाच मापाने मोजू नका. कलावतीने सगळे उपचार केले होते, नैवेद्यही दाखवला असणार. तिने घेण्याची बाजू अर्धवट सोडली. राजाचं निराळं आहे. गवळ्यांच्या हातचं त्याला नको होतं. शॉपमध्ये याचा अर्थ सरळ आहे: हेल्परांनी स्वतः वर्गणी काढून आपल्या बेमध्ये पूजा केली आणि प्लँट हेडला बोलावलं, तर त्यांनी जाऊन द्रोण हातात घ्यायला हवा. तुम्ही उद्या त्या खुर्चीत बसाल तेव्हा हे लक्षात ठेवा.

मात्र कथेचा धाक दाखवून कोणाच्या हातात प्रसाद कोंबू नका. ज्याला मधुमेह आहे त्याने कणभर तोंडात घालून बाकीचा शेजाऱ्याला दिला तरी प्रसाद घेतला गेला. ज्याचा धर्म वेगळा आहे किंवा ज्याला पटत नाही, तो "नको" म्हणाला तर हसून पुढे जा. तो काही टाकून जात नाही, त्याने घेतलेलाच नाही. घेऊन मग मशीनमागे किंवा डस्टबिनमध्ये टाकलेला द्रोण, तो खरा अवमान. तो टाळायचा उपाय तुमच्याच हातात आहे: डाव लहान ठेवा. ज्याला आवडला तो पुन्हा मागायला येतोच.

आता रात्रपाळीचं बघा, कारण हा आपल्या पट्ट्याचाच प्रश्न आहे. पूजा सकाळी होते, तिसऱ्या शिफ्टची माणसं रात्री येतात. दूध-केळ्याचा शिरा ऑक्टोबरच्या उकाड्यात झाकून ठेवला तर दोन तासांच्या पुढे त्याचा भरवसा नाही. संध्याकाळी आंबूस वास येऊ लागतो, केळं काळं पडतं, पाणी सुटतं. पंचामृत त्याच्याही आधी जातं. असा शिरा "प्रसाद आहे, काही होत नाही" म्हणून रात्री वाटणं चूक आहे. प्रसाद झाला म्हणून दूध नासायचं थांबत नाही. यावर सोपा मार्ग असा की सकाळी शिऱ्याच्या वाटीसोबतच साखरफुटाणे, खडीसाखर, सुकं खोबरं, खारीक यांचं एक ताट नैवेद्याला ठेवायचं. नैवेद्य दोन्हींचा एकदमच होतो. शिरा दोन तासांच्या आत पहिल्या शिफ्टलाच संपवायचा आणि कोरडा प्रसाद पुड्या बांधून रात्रीसाठी ठेवायचा. दुसरी शिफ्ट साडेतीनला येत असेल तर तिच्यासाठीही हाच धरा, किंवा तिच्या वेळेला शिऱ्याचा दुसरा घाणा करून त्यात सकाळच्या प्रसादातलं थोडं कोरडं मिसळा. सोसायटीत किंवा मंडळात बाहेरच्या लोकांसाठी महाप्रसाद शिजवायचा असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदणी करून घ्या. गणेशोत्सवात प्रशासन दरवर्षी मंडळांना तसं सांगत असतं.

चाकण-म्हाळुंगेच्या खोल्यांत आता चार राज्यांची मुलं एकत्र राहतात, तेव्हा दुसऱ्यांच्या पद्धतीही ठाऊक असू द्या. १७ सप्टेंबरला विश्वकर्मापूजा असते. उत्तरेकडची आणि पूर्वेकडची मंडळी त्या दिवशी हत्यारं पुजतात, आपण खंडेनवमीला. आपण नैवेद्य दाखवतो, ते भोग लावतात. त्यांच्या सत्यनारायणात शिऱ्याऐवजी गव्हाचं पीठ भाजून साखर घातलेली पंजिरी असते. कथेतली सामग्री आठवा: गव्हाचं पीठच सांगितलंय. तेव्हा "हा कसला प्रसाद" म्हणण्याआधी हे लक्षात घ्या की कथेच्या शब्दाला त्यांची पंजिरी आपल्या शिऱ्याहून जवळची आहे. पंजिरी कोरडी असते, दुसऱ्या दिवशीही टिकते. तिसऱ्या शिफ्टसाठी तीच करून घेतली तरी काही बिघडत नाही.

आणि नैवेद्य गोडच असतो हाही समज सोडा. चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचं भरीत आणि रोडगा लागतो, सोबत कांद्याची पात. चातुर्मासात ज्यांनी कांदा-वांगं सोडलेलं असतं ते त्या दिवसापासून खायला लागतात. काही ग्रामदैवतांना आणि कुलदेवतांना तिखटाचा नैवेद्य असतो. कार्ल्याच्या एकवीरेला जाणाऱ्या कुटुंबांना हे सांगायला नको. सत्यनारायणाला कांदा-लसूण नको म्हणून तो सगळ्याच देवांना नको, असं नाही. ज्या देवाची जी रीत, तो त्याचा नैवेद्य. आपल्या घरची रीत आई-आजीला विचारून एकदा लिहून ठेवा. शहरात खोली करून राहिलं की हेच आधी विसरतं.

देवळातल्या पेढ्यांचं विचारतात म्हणून तेही सांगतो. चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधीला किंवा आळंदी-देहूला गेलात, बाहेरून पेढ्यांचा पुडा घेतलात. पुजाऱ्यांनी त्यातले दोन देवापुढे ठेवून पुडा परत दिला, की तो प्रसाद. वाटीतला शिरा कढईत मिसळतो तसंच. पण दर्शन झाल्यावर बाहेर येऊन ऑफिससाठी म्हणून घेतलेले चिरमुरे-बत्तासे? ते दुकानातून पिशवीत आले, देवापुढे गेलेच नाहीत. काहींना वाटतं, क्षेत्राच्या जागी घेतले म्हणजे झालं. माझ्या मते घरी आल्यावर देव्हाऱ्यासमोर पुडा ठेवून नमस्कार करावा आणि मग वाटावा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि तुम्ही हातात प्रसाद ठेवताय असं म्हणताना ते खरं असतं.

पूजा उतरल्यावरची आवराआवर तुमच्याकडेच येईल. फुलं, पत्री, तुळस हे निर्माल्य. ते निर्माल्यकुंडात किंवा झाडाच्या बुंध्याशी घाला. उरलेलं अन्न निर्माल्यात घालू नका, आणि पवनेत किंवा इंद्रायणीत तर अजिबात सोडू नका. त्या नद्यांची अवस्था तुम्ही पुलावरून रोज बघता. जमिनीवर सांडलेला शिरा पक्ष्यांना, गाईला किंवा मुंग्यांना जाईल अशा जागी ठेवा. कढईच्या तळाला लागलेली खरवड निघते ती आचाऱ्याला द्या. सकाळपासून चव न बघता त्याने शिरा केला आहे, आणि आता ती प्रसाद आहे, तेव्हा खायला काही अडचण नाही.